भाऊजींचा वाकून नमस्कार

नमस्कार श्रोतेहो. नवा फोन घेतला की दुकानदार विचारतो, "टेम्पर टाकू का फिल्म?" आणि आपण म्हणतो, "चांगलं असेल ते टाक." इथेच घोळ होतो, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. टेम्पर्ड ग्लास आपटण्याचा मार खातो, ओरखडेही अंगावर घेतो. फिल्म फक्त ओरखडे घेते. परत सांगते, मार खाते ती काच. फिल्म मार खात नाही. हे मला कुणी शिकवलं, तर आमच्या भाऊजींनी.

भाऊजींचा फोन कायम शर्टाच्या वरच्या खिशात. हा खिसा पेनासाठी शिवतात, फोनसाठी नाही, पण ते जाऊ दे. गेल्या वर्षी घरच्या लग्नात ते मोठ्या काकांना वाकून नमस्कार करायला गेले आणि फोन शहाबादी फरशीवर पालथा पडला. उचलला तर कोपऱ्यापासून मधोमध कोळ्याचं जाळं! भाऊजी जेवायला बसले ते श्रीखंडाकडे न बघता. ताई म्हणाली, "अहो, वरची काच असेल." पण ऐकतायत कुठे.

संध्याकाळी दुकानातल्या मुलाने आधी स्क्रीन चालू केला. काळा डाग नाही, रंगीत रेघा नाहीत, बोट सगळीकडे चालतंय. मग त्याने एका कोपऱ्याखाली जुनं पातळ कार्ड सरकवलं आणि काच हळूहळू उचलली. जाळं काचेबरोबर वर आलं! खाली स्क्रीन जसाच्या तसा. भाऊजींनी त्या पोराला तिथल्या तिथे चहा पाजला.

इथवर ठीक. पण भाऊजींनी अर्थ काय काढला? "काच फुटते म्हणजे माल हलका. मला न फुटणारं काहीतरी दे." मग फिल्म लागली. दिवाळीत आमच्या अंगणात तेच काका, तोच खिसा, तोच नमस्कार! या खेपेला खाली बारीक खडी. फिल्मवर एक चरा नाही, अगदी धड, आणि तिच्याखाली स्क्रीन आरपार तडकलेला. नखाने चाचपलं तर बोटाला गुळगुळीत फिल्म लागते आणि तडा खाली दिसतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून काकांनीच पाणी मागवलं.

आता कारण थोडक्यात. साधी टेम्पर्ड काच साधारण ०.३३ मिलिमीटर जाड असते. खड्याचं टोक आधी तिच्यावर बसतं, घाव पसरतो आणि तडकताना ती त्यातला काही जोर खाऊन टाकते. फिल्म तिच्याहून खूप पातळ नि मऊ. खडा तिला दाबतो आणि घाव थेट खाली पोचतो. म्हणून काच फुटली तर ती हलकी म्हणू नका, तिने काम केलं. मात्र फोन कडेवर किंवा कोपऱ्यावर आपटला तर काचेचाही फारसा उपयोग नाही. तिथे उंच काठाचं कव्हर लागतं.

पाकिटावर ९एच लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. ती पेन्सिलने ओरखडून घेतलेली चाचणी आहे, हिऱ्याच्या कडकपणाशी तिचा संबंध नाही. किल्ल्यांनी काचेला सहसा काही होत नाही, पण समुद्रावरून खिशात आलेल्या वाळूतले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात. ते काचेवरही चरे पाडतात.

मग फिल्म घ्यायची कुणी? ज्यांच्या स्क्रीनच्या कडा गोल वळलेल्या आहेत त्यांनी. सपाट काच तिथे कडेला चिकटत नाही, धूळ शिरते. अशा स्क्रीनवर काच बसवायला पातळ गोंद आणि निळा दिवा वापरतात, पण तो गोंद कधी ऐकायच्या जाळीत जातो आणि मग समोरच्याचा आवाज विहिरीतून येतो. काही फोन स्क्रीनवर टेकवलेला अंगठा खालून आवाजाच्या लहरींनी ओळखतात. तिथेही जाड काच अडथळा करते, फिल्म सहसा चालते. काच असो की फिल्म, लावल्यावर अंगठा नव्याने नोंदवा.

आणि घरी लावणार असाल तर पंख्याखाली नको. आंघोळीनंतर बाथरूममध्ये वाफेने धूळ खाली बसलेली असते, तिथे लावा. दुकानात फुंकर मारून पुसतात ना, ते मला मुळीच पटत नाही. थुंकीचे बारीक थेंब काचेखाली अडकतात.

भाऊजींच्या फोनवर आता पुन्हा काच आहे. नमस्काराआधी ते फोन ताईकडे देतात. परवा तो ताईच्या हातून पडला. काच गेली, स्क्रीन वाचला, आणि भाऊजी दिवसभर काही बोलले नाहीत.