चष्मा कोणत्या कामासाठी नको आहे?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात एका नेत्रशल्यचिकित्सकांनी दिलेले व्याख्यान, संपादित)

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, चष्मा जाईल ना?" आणि मग लगेच, "लेन्स कोणती टाकणार, भारतातली की बाहेरची?" लेन्स कुठे बनली याची काळजी जरा बाजूला ठेवू. आधी एक सोपं गणित करू. १०० ला चष्म्याच्या नंबराने भागायचं, की सेंटिमीटरमध्ये अंतर मिळतं. पेपर आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, त्याला अडीच नंबर लागतो. ओट्यावर भाजी चिरताना विळी किंवा सुरी साठेक सेंटिमीटरवर असते, तिथे दीड-पावणेदोन पुरतो. सुईत दोरा ओवायचा तर सुई २५ सेंटिमीटरवर येते, म्हणजे चार नंबर. तरुणपणी डोळ्यातली नैसर्गिक लेन्स फुगून हा नंबर स्वतःच आणून देत होती. चाळिशीनंतर ती ताठ होत गेली, पुढे गढूळ झाली आणि आता आपण ती काढून टाकतो. तिच्या जागी बसवलेली लेन्स फुगत नाही.

त्यामुळे मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला जुळवलेली असते. बहुतेकांना ती दूरसाठी जुळवून देतात. रस्ता, टीव्ही, समोरून येणारा माणूस बिनचष्म्याने दिसतो आणि वाचायला अडीचचा चष्मा लागतो. यात लेन्सचं काही चुकलेलं नसतं, तिचं काम तेवढंच आहे. पण ते एक अंतर दूरचंच असलं पाहिजे असा काही नियम नाही. तिथेच एका बाईंची गोष्ट सांगतो.

निवृत्त शिक्षिका, वय ७०, दोन्ही डोळ्यांना मायनस तीन. पुन्हा तेच गणित करा: १०० भागिले तीन, म्हणजे चष्मा काढला की ३३ सेंटिमीटरवर त्यांना लख्ख दिसायचं. दिवसभर चष्मा आणि रात्री तो काढून अंथरुणात पुस्तक, अशी आयुष्यभराची सवय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं आणि तिथे लेन्स दूरसाठी जुळवलेली होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं, नंबर जवळजवळ शून्य. तरी बाई नाराज. "देवळाचा कळस दिसतो हो, पण पोथीतलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं. वाचायला अजून जुनाच डोळा लागतो, आणि आता त्यालाही धुकं आलंय." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्ही चष्मा कधी काढता. मायनस नंबरवाल्यांनी ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी, न विचारता सांगायची. नंतर सांगून लेन्स बदलत नाही; बदलता येते, पण ते दुसरं ऑपरेशन असतं.

डाव्या डोळ्याला काय करायचं? त्यांच्या भाच्याने मल्टिफोकलची माहिती काढून आणली होती, म्हणून ती समजावून सांगितली.

मल्टिफोकल लेन्सवर एकात एक बारीक कडी कोरलेली असतात. आलेला प्रकाश ती वाटून टाकतात. हल्लीच्या तीन अंतरांच्या लेन्समध्ये ढोबळमानाने निम्मा दूरसाठी, उरलेला कॉम्प्युटरच्या आणि वाचनाच्या अंतरासाठी, आणि काही कुठेच उपयोगी न पडता विखुरतो. डोळ्यातल्या पडद्यावर एकाच वेळी एक स्पष्ट आणि दोन अस्पष्ट चित्रं पडतात, मेंदूने त्यातलं हवं ते उचलायचं. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत ते शिकतो. चांगल्या उजेडात असे पेशंट पेपर आणि मोबाइल बिनचष्म्याने वाचतात, हे खरं आहे. औषधाच्या बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांना किंवा मंद दिव्यात मात्र चष्मा लागू शकतो.

हा प्रकाश वाटण्याचा खर्च रात्री दिसतो. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं येतात, कारण त्या दिव्याची अस्पष्ट चित्रंही पडद्यावर पडतात. रात्री घाटातून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला मी ही लेन्स सुचवत नाही. करड्या पायरीवरची करडी कड ओळखायची, म्हणजे रंगातला फिका फरक टिपायची ताकदही थोडी कमी होते. पडदा निरोगी असेल तर हे चालून जातं. पण डायबेटिसने पडद्याचा मध्यभाग बिघडलाय, काचबिंदू पुढे गेलाय, तर तिथे आधीच ताकद कमी, त्यात आपण प्रकाशाची वाटणी करायची, हे मला पटत नाही.

अजून एक अडचण उरलेल्या नंबराची. ऑपरेशननंतर अर्धा नंबर राहिला तर मोनोफोकलवाला बऱ्याचदा तक्रार करत नाही. मल्टिफोकलवाल्याला तोच अर्धा-पाऊण नंबर दूर-जवळ दोन्हीकडे धूसर करून सोडतो. लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून काढतात आणि लांबी मोजण्यात १ मिलिमीटरची चूक म्हणजे साधारण अडीच-तीन नंबरांची चूक. मशीन चांगलं असलं तरी लेन्स बुबुळामागे नेमकी कुठे स्थिरावेल याचा अंदाजच करावा लागतो, म्हणून पाव-अर्धा नंबर इकडेतिकडे होतोच. 'चष्मामुक्त जीवन' छापणाऱ्या पत्रकात हा अर्धा नंबर कधी दिसत नाही.

बाईंच्या डाव्या डोळ्याचा स्कॅन केला तेव्हा पडद्याच्या मध्यावर एक पातळ पापुद्रा आणि किंचित सुरकुती दिसली. मल्टिफोकलचा प्रश्न तिथेच मिटला. राहिला मोनोफोकल, पण जुळवायचा कुठे?

मायनस अडीचला ठेवला तर पोथी स्पष्ट, पण दोन डोळ्यांत अडीच नंबरांचा फरक. दूरचा चष्मा लावला तर दोन काचांतून चित्र लहान-मोठं दिसतं आणि डोकं भणभणतं. शून्याला ठेवला तर वाचायला कायमचा चष्मा. मधला मार्ग मायनस दीडचा, म्हणजे ६६ सेंटिमीटर. एक डोळा दूर, दुसरा हाताच्या अंतरावर. याला आम्ही मोनोव्हिजन म्हणतो.

सगळ्यांना हे झेपत नाही, म्हणून आधी अंदाज घ्यायचा. बाईंच्या बाबतीत तो घेणं सोपं होतं, कारण उजवा शून्य आणि डावा मायनस तीन असा फरक घेऊन त्या वावरतच होत्या. डाव्यासमोर मायनस दीडची आणि उजव्यासमोर साधी काच घालून त्यांना पंधरा दिवस घरात फिरायला सांगितलं. मोतीबिंदूमुळे डाव्याला धूसर दिसणार होतंच, मला फक्त गरगरतं का एवढंच पाहायचं होतं. जिना उतरताना पहिले दोन दिवस कठडा धरला, मग नाही, असं त्या म्हणाल्या.

लक्ष्य मायनस दीड होतं, बसला मायनस पावणेदोन. वर म्हटलं तो पाव नंबर हाच. त्यामुळे त्यांचं स्पष्ट अंतर ६६ ऐवजी ५७ सेंटिमीटरवर आलं, त्यांना ते उलट बरंच वाटलं. आता भाजी चिरणं, किराण्याच्या पुड्यावरची किंमत, मोबाइलवर कुणाचा फोन आला ते पाहणं बिनचष्म्याने होतं. सहा आठवड्यांनी नंबर स्थिरावल्यावर वाचनाचा चष्मा दिला: उजव्याला अडीच, डाव्याला पाऊण. रात्री अंधारात रिक्षाने जाताना चष्मा लागत नाही. नातवाने स्कूटरवर मागे बसवलं की मात्र साधा चष्मा घालतात, वाऱ्यासाठी.

"पण अंथरुणात पुस्तक?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो पाऊणवाला उशाशी असतो. पूर्वी काढायचे, आता घालते."