आज्जीचा शेवटचा नंबर

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय आज्जीचा, आणि मी माणूस बँकेच्या कर्ज विभागातला, 31 वर्षं लोकांना कर्ज देण्यात घालवली. आणि माझी आज्जी अशी की तिनं आयुष्यात कुणाचा एक रुपया घेतला नाही, शेजारणीकडून वाटीभर साखर पण उसनी नाही, देताना मात्र पायलीनं द्यायची. त्यामुळे आमचं दोघांचं जरा भांडणच होतं म्हणा ना.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. पावसाळ्यात भात, माळाला रताळी, गोठ्यात एक म्हैस, कधी दोन. नवरात्राच्या उपासाला रताळी खपतात, तेव्हा घरात काय ती रोकड दिसायची, बाकी वर्ष दुधाच्या पैशावर. काही शेतकरी रताळी निघायच्या आधीच अडत्याकडून उचल घ्यायचे, मग माल त्याच्याच दुकानी घालावा लागायचा आणि तो देईल तो दर. आज्जीनं उचल घेतली नाही म्हणून आमची गाडी ज्या दुकानी दर बरा तिकडं वळायची. तेवढंच.

पण लग्नाचं काय? सांगतो. 1984 च्या उन्हाळ्यात धाकट्या आत्तीचं लग्न झालं. तेव्हा मी नववीत होतो, त्यामुळे पुष्कळसं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

गावात बायकांची भिशी चालायची, बोलीची. 20 बायका, महिन्याला 50 रुपये, म्हणजे दर महिन्याला 1,000 जमणार. ते कुणी उचलायचे? तर जिला गरज आहे तिनं बोली लावायची, "मी 100 सोडते", दुसरी म्हणणार "मी 150". जी जास्त सोडेल तिला भिशी. समजा 200 सोडले तर तिच्या हातात 800 पडणार आणि ते सोडलेले 200 वीसजणींत वाटून प्रत्येकीला 10 रुपये सूट, म्हणजे त्या महिन्याला 50 च्या जागी 40 च भरायचे. एकदा उचलली की परत बोली लावायची नाही, शेवटपर्यंत हप्ता मात्र भरत राहायचा. आणि शेवटच्या महिन्यात एकच बाई उरते, तिच्यासमोर बोलायला कोण नाही, तिला पूर्ण 1,000.

ही शेवटची बाई म्हणजे आमची आज्जी. दर वेळी. 20 महिने तोंड बंद ठेवून बसायची.

आता माझा बँकेतला हिशोब ऐका. पुढं पुढं बोली कमी होत जाते, धरा सरासरी 100 सुटले, तर प्रत्येकीनं 20 महिन्यांत मिळून 905 रुपयांच्या आसपास भरले. पहिल्या महिन्यात 200 सोडून उचलली तिला मिळाले 800, भरले 905. आज्जीनं पण 905 च भरले पण तिला मिळाले 1,000. म्हणजे एकाच भिशीत पुढची बाई कर्ज काढतेय आणि मागची ठेव ठेवतेय, व्याज एकीकडनं दुसरीकडं जातंय, आणि दोघी म्हणतात काय तर "आमी भिशीत हाव". हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आज्जीला लिहिता येत नव्हतं. फळीवर एक पितळी डबा असायचा, भिशी सुरू झाली की त्यात 20 चिंचोके टाकायची आणि हप्ता भरला की एक काढून चुलीत. लग्न वैशाखात धरायचं म्हणून भिशी 20 महिने आधी भाद्रपदात चालू केली होती, म्हणजे मुलगा बघायच्या आधी! चैत्रात डबा रिकामा आणि 1,000 रुपये पदरात, त्यात सगळा बस्ता निघाला. सोनं दोन तोळे, ते दहा-बारा वर्षांत शहापूरच्या सराफाकडनं वेढणी घेत घेत साठवलेलं. बोरमाळ घ्यायची नाही, म्हणायची मणी आतनं लाखेचे, विकायला गेलं की सराफ लाख वजा करतोय. तांदूळ दोन वर्षांचा जुना ठेवला होता, जुना तांदूळ शिजवला की फुलतो, पंगतीला पुरवठ्याला येतो. मांडव, वाजंत्री, आचारी हे रताळ्याच्या पट्टीतनं. आणि भांडी आली आहेरातनं.

आहेरावरनं मी मोठेपणी तिला डिवचलं, म्हटलं आज्जी, आहेर म्हणजे पण कर्जच की, उद्या त्यांच्या लग्नात फेडायचंच आहे. ती म्हणाली, "मी दहा वरसं आधी घातल्यात, त्येच परत आलं. फेडायचं त्येनी, मी न्हवं." म्हणजे परत शेवटचा नंबरच!

आता यातली खोट पण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही घरी जाऊन भिशी लावाल. शेवटी बसणाऱ्याच्या डोक्यावर सगळी जोखीम असते. पुढच्या बायका उचलून मोकळ्या झालेल्या असतात, त्यातल्या दोघींनी हप्ते थांबवले की शेवटचीचे पैसे गेले. एका भिशीत आज्जीला 1,000 च्या जागी 860 च मिळाले. त्यानंतर ती पहिले दोन महिने फक्त बोली ऐकायची. जी बाई पहिल्याच महिन्यात 200 च्या वर सोडते ती अडलेली आहे असं तिचं म्हणणं, मग ती भिशी चालवणारीला गाठून त्या बाईला जामीन कोण ते विचारून घ्यायची. आम्ही बँकवाले याला मोठमोठी नावं देतो.

आणि दुसरी खोट, आजार. आजार काय 20 महिने आधी सांगून येत नाही. 1988 ला आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, भिशी अर्धीच झालेली. बोली लावून उचलता आली असती, पण नाही. दुभती म्हैस बाजारात नेली. घाईनं विकणाऱ्याला व्यापारी लांबनंच ओळखतो, 4,000 ची म्हैस 2,900 ला गेली. वर रोजचं पाच लिटर दूध बंद झालं, सहा महिने. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलेलो, कागदावर मांडून दाखवलं की 3,000 चं कर्ज वर्षभरासाठी काढलं असतं तर व्याज चार-पाचशे गेलं असतं, इथं 1,100 तर जागच्या जागी बुडाले, दुधाचं वेगळंच. हिशोबानं मी बरोबर होतो, आजही म्हणतो मी बरोबर होतो.

ती शेंगा फोडत होती. वर न बघताच म्हणाली, "माझ्या लग्नाला बा नं दीड एकर गहाण टाकलेलं. मी माहेराला जायाची तवा त्या शेताच्या बांधावरनंच वाट हाय. दुसऱ्याचं भात बघत जायाची." आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं, फोड म्हणून.

2003 साली ती गेली. दिवसकार्य झाल्यावर आईनं फळीवरचा डबा काढला तर आत सात चिंचोके. कुठली भिशी, कशासाठी, कुणाला काहीच सांगितलेलं नव्हतं. भिशी चालवणारी बाई बाराव्याला आलेलीच होती, ती म्हणाली पाहिजे तर आत्ता उचला, या महिन्याला बोली पण फार नाही. आईनं नको म्हटलं. सात महिने हप्ता भरला, दर महिन्याला एक चिंचोका चुलीत टाकला, आणि शेवटचा नंबर घेतला. वर्षश्राद्ध त्यातच झालं.