आधी दाखवा, मग बोला

(इंदूरमध्ये मराठी शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मी माझ्या फसलेल्या तासापासूनच सुरुवात करतो. पाचवीचा वर्ग, हिंदी माध्यम. वर्गात एक मुलगी, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. मी जलचक्राचा रंगीत तक्ता टांगला आणि छडी फिरवत बोलत सुटलो. तिनं वहीत सूर्य, डोंगर, ढग सगळं सुरेख काढलं, पण वाफेचं पाणी कशानं होतं, ते शेजारणीच्या वहीतून उतरवलं.

चूक साधी होती. आपण तक्ता बघता बघता ऐकतो. ती डोळ्यांनीही ऐकते. तक्त्याकडे पाहिलं की माझे ओठ सुटतात, ओठांकडे पाहिलं की तक्ता.

म्हणून पुढचा तास वेगळा आखला. इंदुरात पोहे वाफेवर ठेवलेले कोणी पाहिले नाहीत? तेच घेतलं. गरम पाण्याचं पातेलं आणलं, वर थंड ताटली झाकली. ताटली उचलून खालचे थेंब दाखवले, आणि पाच-सहा सेकंद गप्प राहिलो. मास्तरांना हे सर्वांत अवघड! तिची नजर माझ्याकडे वळली, तेव्हाच बोललो.

फळ्याच्या कोपऱ्यात आधीच तीन शब्द लिहिले होते: भाप, ठंडा, बूँद. जो शब्द बोलायचा, त्यावर आधी बोट. कारण ओठांवरून सगळं कळत नाही. आरशासमोर आवाज न करता पाप, बाप, माप म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. विषय कोणता चाललाय हे ठाऊक असेल, तरच मूल अंदाज बांधू शकतं. तोंड वेडंवाकडं करून बोललात, तर तोही बिघडतो.

बसायची जागा? पहिला बाक नको. तिथून मागे कोण बोललं ते दिसत नाही. तिचा उजवा कान बरा, म्हणून तिला दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला बसवलं. त्यामुळे तो कान वर्गाकडे आला. मी खिडकीकडे पाठ करून उभा राहत असे, म्हणजे तिला माझा चेहरा काळाच दिसणार. मी जागा बदलली. डोक्यावरचा खडखडणारा पंखाही बंद केला. यंत्र माझ्या आवाजाबरोबर ती खडखडही वाढवतं.

ज्या मुलाची भाषाच खुणांची आहे, त्याला एवढं पुरणार नाही. त्याला सांकेतिक भाषा जाणणारं माणूस लागतं.

शेवटी "समजलं का?" विचारलं नाही. त्यावर सगळीच मुलं मान डोलावतात. तीन शब्दांची कार्डं दिली आणि क्रमानं लावायला सांगितली. तिनं भाप, बूँद लावलं आणि "ठंडा" हातातच ठेवलं. मग आठवलं, ताटली थंडच का हवी हे मी फळा पुसता पुसता, तिच्याकडे पाठ करून सांगितलं होतं.