पत्रकाराला अटक झाली: पहिल्या दिवशी बातमी कशी द्यायची?

नमस्कार. ४ नोव्हेंबर २०२०. सकाळीच रायगड पोलीस मुंबईत रिपब्लिक टीव्हीचे संपादक अर्णब गोस्वामींच्या घरी पोहोचले आणि त्यांना अटक करून अलिबागला घेऊन गेले. दुपार होईपर्यंत देशभर दोनच बातम्या चालू होत्या. एक म्हणजे आणीबाणी परत आली, पत्रकारितेचा गळा घोटला. दुसरी, कायद्यापुढे सगळे सारखे, पत्रकार असला म्हणून काय झालं? केंद्रातले मंत्री पहिली बातमी सांगत होते, राज्यातले मंत्री दुसरी. आणि आपल्यातल्या बऱ्याच पत्रकारांनी एफआयआर वाचायच्या आधीच यातली एक बातमी उचलली.

आज हेच प्रकरण मी मुद्दाम घेतोय. हा माणूस आवडणारे खूप आहेत, न आवडणारेही तितकेच, आणि अशाच प्रकरणात बातमीदाराची खरी कसोटी लागते.

पहिला प्रश्न साधा आहे: अटक कोणत्या गुन्ह्यात झाली? ती कुठल्याही बातमीसाठी झाली नव्हती. मे २०१८ मध्ये अलिबागजवळच्या कावीर गावात एका इंटिरिअर डिझायनरचा आणि त्यांच्या आईचा मृत्यू झाला. मृत्यूआधी लिहिलेल्या चिठ्ठीत तीन जणांची नावं होती आणि कामाचे पैसे थकवल्याचा आरोप होता. त्यातलं एक नाव गोस्वामींचं. त्यांच्या चॅनेलच्या स्टुडिओच्या कामाचे ८३ लाख रुपये बाकी आहेत, असा आरोप होता. करारानुसार पैसे दिले आहेत, असं चॅनेलचं म्हणणं. गुन्हा होता कलम ३०६ खाली, म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त करणं.

पैसे थकवणं आणि आत्महत्येला प्रवृत्त करणं या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोपीने चिथावणी दिली किंवा जाणूनबुजून मदत केली, हे दाखवावं लागतं. त्यामुळे ‘चिठ्ठीत नाव आहे, मग गुन्हा सिद्धच’ असं म्हणणारी बातमी चुकीची होती. आणि ‘हे तर व्यवहाराचं भांडण, यात गुन्हा कसला’ असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकणारी बातमीही चुकीची होती. ते ठरवायचं काम कोर्टाचं होतं.

दुसरा प्रश्न: आत्ताच का? माझ्या मते खरी बातमी इथे होती.

रायगड पोलिसांनी २०१९ मध्ये या प्रकरणात ‘ए समरी’ दाखल केली होती आणि मॅजिस्ट्रेटने ती स्वीकारली होती. ए समरी काय असते, हे त्या दिवशी फार थोड्यांनी सांगितलं. तक्रार खोटी निघाली तर ‘बी समरी’ होते. ए समरी म्हणजे गुन्हा घडलेला दिसतो, पण आरोपपत्र दाखल करण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणजे ‘खोटी म्हणून बंद झालेली केस उकरून काढली’ हे वाक्य सरळसरळ चूक होतं, आणि ते दिवसभर चाललं.

पण केस पुन्हा उघडली ती केव्हा? डिझायनरच्या मुलीच्या तक्रारीनंतर मे २०२० मध्ये गृहमंत्री अनिल देशमुखांनी फेरतपासाची घोषणा केली. त्याच्या आधीच्या महिन्यात पालघरला जमावाने साधूंना मारल्याच्या घटनेवरच्या कार्यक्रमावरून गोस्वामींवर गुन्हे दाखल झाले होते. सप्टेंबरमध्ये विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आला, ऑक्टोबरमध्ये टीआरपी फुगवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात चॅनेलचं नाव आलं. आणि अटकेनंतर दोनच दिवसांनी, हक्कभंगाच्या नोटिशीबद्दल त्यांना पाठवलेल्या एका पत्रावरून, सुप्रीम कोर्टाने विधिमंडळ सचिवालयातल्या अधिकाऱ्याला अवमानाची नोटीस काढली.

हा क्रम सांगितलाच पाहिजे. तो सांगताना ‘म्हणून सूडाने अटक’ असं जोडायची गरज नाही. तारखा ठेवा आणि सरकारला विचारा: जो पुरावा २०१९ मध्ये मिळाला नव्हता, तो आता काय मिळालाय? प्रेस स्वातंत्र्याची बातमी या प्रश्नात आहे. तिच्यासाठी गोस्वामी निर्दोष आहेत असं मानावं लागत नाही. गुन्हा खरा असूनही सरकार त्याचा वापर एखाद्या पत्रकाराविरुद्ध करू शकतं. उलट, सरकारचा राग असलेल्या पत्रकाराच्या हातून गुन्हाही घडलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट, कागद. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. त्या सुनावणीपर्यंत तुमच्याकडे फक्त पोलिसांचं आणि आरोपीच्या वकिलांचं म्हणणं असतं. रिमांडचा अर्ज आणि त्यावरचा आदेश हे दोन्ही कागद मिळवाच. कस्टडी कशासाठी हवी, हे पोलिसांना त्या अर्जात लिहून द्यावं लागतं आणि तिथे त्यांची बाजू किती भक्कम आहे ते दिसतं. अलिबागच्या मॅजिस्ट्रेटने पोलीस कोठडी नाकारली, न्यायालयीन कोठडी दिली. स्टुडिओतल्या आरडाओरड्यापेक्षा त्या रात्रीचा तो आदेश कितीतरी जास्त सांगत होता, आणि त्यात सरकारी बाजूला अडचणीच्या गोष्टी होत्या.

पण लगेच आनंदाने तोही झेंडा करू नका. ९ नोव्हेंबरला हायकोर्टाने अंतरिम जामीन नाकारला, आणि ए समरी स्वीकारताना फिर्यादीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती, हेही नोंदवलं. फिर्यादी म्हणजे त्या डिझायनरची पत्नी. दोन माणसं गमावलेलं हे कुटुंब त्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या चर्चेत तोंडी लावण्यापुरतं राहिलं. मला याचा आजही राग येतो. अटकेमागे राजकारण आहे का, हे विचारताना त्या कुटुंबाला ‘सरकारचं प्यादं’ म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मग त्या दुपारी मी काय वाचलं असतं? साधारण असं:

(स्क्रीनवर मजकूर) ‘रिपब्लिक टीव्हीचे संपादक अर्णब गोस्वामी यांना आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या २०१८ च्या गुन्ह्यात रायगड पोलिसांनी अटक केली. पुरेशा पुराव्याअभावी हा तपास २०१९ मध्ये बंद झाला होता; मृताच्या मुलीच्या तक्रारीनंतर यंदा तो पुन्हा सुरू झाला. गोस्वामींना आरोप अमान्य आहेत. राज्य सरकारशी त्यांचा संघर्ष गेले काही महिने सुरू आहे. एडिटर्स गिल्डने अटकेचा निषेध केला आहे. नवा पुरावा कोणता, हे पोलिसांनी अद्याप सांगितलेलं नाही.’

शेवटचं वाक्य मात्र पोलिसांना फोन करून, विचारून मगच लिहायचं. न विचारता लिहिलंत तर ती बातमी राहत नाही, तुमची टिप्पणी होते.

आता हीच पद्धत दुसरीकडे लावून बघा. गोस्वामींच्या अटकेच्या महिनाभर आधी, ५ ऑक्टोबरला, केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन, दलित तरुणीच्या मृत्यूमुळे चर्चेत असलेल्या हाथरसला जाताना मथुरेजवळ पकडले गेले आणि त्यांच्यावर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. ते वार्तांकनाला निघाले होते, असं पत्रकार संघटनेचं म्हणणं. पत्रकारिता हा नुसता बुरखा आहे, असं पोलिसांचं म्हणणं. इथेही प्रश्न तेच: कोणता गुन्हा, आत्ताच का, कागदात काय? अलिबागच्या वेळी आणीबाणी आठवलेल्या अनेकांना मथुरा आठवली नाही. मथुरेबद्दल बोलणारे काही जण अलिबागच्या वेळी खूश होते. सुप्रीम कोर्टाने गोस्वामींना आठवड्याभरात, ११ नोव्हेंबरला, अंतरिम जामीन दिला. कप्पनना सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळाला सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि मनी लाँडरिंगच्या दुसऱ्या प्रकरणामुळे ते प्रत्यक्ष बाहेर आले फेब्रुवारी २०२३ मध्ये. हा फरकही प्रेस स्वातंत्र्याच्याच बातमीत येतो.

जामिनाचा सविस्तर निकाल २७ नोव्हेंबरला आला, तेव्हा तरी चुका थांबायला हव्या होत्या. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, प्रथमदर्शनी या एफआयआरमध्ये कलम ३०६ चे घटक दिसत नाहीत, आणि फौजदारी कायदा निवडक छळाचं हत्यार होऊ नये. अनेकांनी यावर ‘क्लीन चिट’ असा मथळा दिला. पण त्याच निकालात कोर्टाने एफआयआर रद्द करायचा की नाही, हा निर्णय हायकोर्टावर सोडला होता. डिसेंबरमध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, तेव्हा कॅमेरे केव्हाच दुसरीकडे गेले होते.