कार्यक्रमपत्रिकेत तुमचा परिचय चुकीचा छापला, तर समितीला पत्र कसं लिहायचं?

नमस्कार. चर्चासत्राची कार्यक्रमपत्रिका हातात येते, आपण आधी आपलं नाव शोधतो, आणि खालच्या परिचयात तीन चुका दिसतात. चर्चासत्र चार दिवसांवर आलेलं असतं. आयोजकांची धावपळ माहीत असल्यामुळे बरेच प्राध्यापक "जाऊ दे" म्हणतात. माझं म्हणणं आहे, जाऊ देऊ नका.

एक नमुना घेऊ. मराठीच्या एक सहयोगी प्राध्यापिका आहेत. छापलेला परिचय असा: "प्राध्यापक, पीएच.डी. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ), साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त लेखिका."

यात विद्यापीठाचं नाव अर्धंच आहे. 'मराठवाडा' गळलं. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दिल्लीतही त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, त्यामुळे पदवी नेमकी कुठली ते कळत नाही. इथे पदवी प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच द्यायचं. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्याआधीच्या प्रमाणपत्रावर 'मराठवाडा विद्यापीठ' असेल, तर तेच लिहा.

उरलेल्या दोन चुका बाईंना मोठं करणाऱ्या आहेत, आणि पत्र लिहायचं ते मुख्यतः त्यांच्यासाठी. सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक झाला. पुस्तकाला मिळालेला राज्य शासनाचा वाङ्मय पुरस्कार साहित्य अकादमीचा झाला. अकादमीचा मुख्य पुरस्कार एका भाषेत वर्षाला एकाच पुस्तकाला मिळतो आणि यादी जाहीर असते. सभागृहातल्या कुणीही फोनवर पाहिलं, तर खोटा दावा बाईंच्या नावावर लागेल, समितीच्या नाही. हीच पत्रिका उद्या पदोन्नतीच्या फाइलला जोडली जाते, तेव्हा छाननी समितीही तेच वाचते.

आता पत्र. ते निमंत्रकांच्या नावे, विषय स्पष्ट: "कार्यक्रमपत्रिकेतील परिचयात दुरुस्तीबाबत". मजकूर वाचून दाखवतो.

"मा. निमंत्रक, सस्नेह नमस्कार. कार्यक्रमपत्रिका मिळाली, आभारी आहे. पृष्ठ ६ वरील माझ्या परिचयात तीन ठिकाणी दुरुस्ती हवी आहे.
'प्राध्यापक' ऐवजी 'सहयोगी प्राध्यापक'.
'डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ' ऐवजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'.
'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त' हा उल्लेख काढून 'महाराष्ट्र शासनाचा वाङ्मय पुरस्कार' असे करावे. अकादमीचा पुरस्कार मला मिळालेला नाही.
पत्रिका छापून झाली आहे याची कल्पना आहे, पुन्हा छापावी अशी अपेक्षा नाही. संकेतस्थळावरील प्रत, सत्रात वाचला जाणारा परिचय आणि शोधनिबंध संग्रह यांत मात्र दुरुस्त मजकूर घ्यावा, ही विनंती. तो सोबत जोडला आहे."

बघा, चूक कुणाची हे पत्रात कुठेच नाही. पाठवण्याआधी आपण दिलेला परिचय उघडून पाहायचा. पण तो बरोबर असला तरी "मी नीट पाठवलं होतं" हे लिहायचं नाही. समितीला हवा असतो तो मजकूर, खुलासा नको असतो. तसंच 'ज्येष्ठ' ऐवजी 'अभ्यासू' म्हणा, असल्या आवडीनिवडी या पत्रात आणू नका. वस्तुस्थितीच्या तीन दुरुस्त्या लगेच होतात. त्यात पाच आवडीनिवडी मिसळल्या की सगळंच मागे पडतं.

मागणी कशाची करायची, हेही महत्त्वाचं. छापलेल्या हजार प्रती परत येत नाहीत. पण शोधनिबंध संग्रह बहुधा नंतर छापला जातो, त्यावर आयएसबीएन असतो, ग्रंथालयात तोच राहतो. तिथली चूक आत्ताच थांबवता येते. पत्रिकेसोबत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायला समिती तयार असेल तर उत्तम, पण आग्रह धरायचा तो पुरस्काराच्या ओळीसाठी.

जोडलेला मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या, सोबत त्याचीच पीडीएफ. आपल्याकडे बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट चालतात. युनिकोड तिकडे बदलताना रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात. जुळवणी करणाऱ्यासमोर पीडीएफ असेल तर त्याला ताडून पाहता येतं. पुरावा म्हणून प्रमाणपत्रांचे फोटो पाठवायची गरज नाही. मागितले तर द्या.

ईमेल पाठवल्यावर निमंत्रकांना एक फोन करा, कारण त्या आठवड्यात त्यांची मेलपेटी भरून वाहत असते. तरीही उत्तर आलं नाही, तर सत्राच्या आधी अध्यक्षांना आणि सूत्रसंचालकांना दुरुस्त परिचयाची छापील प्रत हातात द्या, चुकलेल्या जागा अधोरेखित करून. एवढं करूनही व्यासपीठावरून अकादमीचा पुरस्कार वाचला गेलाच, तर आभार मानताना एक वाक्य बोला: "माझ्या पुस्तकाला राज्य शासनाचा पुरस्कार आहे, अकादमीचा नाही." आणि थेट निबंधाकडे वळा.