फोटोचा दोष आणि वहीचा दोष

नमस्कार श्रोतेहो. पावसात ओढ्याला पाणी चढलं, एसटी वाडीपर्यंत आली नाही, की वाडीतल्या मुलांचा तास बुडतो. मग उजळणीच्या वेळी दहावीच्या मुलांच्या फोनवर एकाच धड्याच्या तीन-चार वह्यांचे फोटो गोळा होतात. त्यातला कोणता संच ठेवायचा? विज्ञान भाग १ मधला ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा घेऊन पाहू.

फोटो किती आलेत ते मोजू नका. मोठं अक्षर असलेल्याचे १४ फोटो होतात, बारीक लिहिणाऱ्याचे ८, आणि मजकूर तोच असतो. आधी फोटो बाजूला ठेवा आणि पाठ्यपुस्तक उघडा. कोऱ्या कागदावर धड्यातले मुद्दे एकाखाली एक लिहा: बहिर्वक्र भिंगासमोर वस्तूची सहा स्थानं आणि त्यांच्या सहा किरणाकृती, अंतर्वक्र भिंगाची आकृती, चिन्हसंकेत, भिंगाचं सूत्र, विशालन, भिंगाची शक्ती, तीन दृष्टिदोष. प्रत्येक संचाला एक रकाना. मुद्दा पूर्ण असेल तर बरोबरची खूण, अर्धा असेल तर आडवी रेघ, नसेल तर रकाना मोकळा. यादी वहीवरून केली, तर सगळ्याच वह्यांत सुटलेला मुद्दा कधीच सापडत नाही.

मग फोटो क्रमाने लावा. फोटोच्या नावातली तारीख सहसा तो पाठवल्याची किंवा आल्याची असते, तास झाल्याची नव्हे. त्यामुळे एका पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळते का, ते वाचा. ‘वस्तू 2F₁ च्या पलीकडे असताना’ इथे पान संपलं आणि पुढचं पान थेट दृष्टिदोषांपासून सुरू झालं, तर मधलं पान एकतर पाठवायचं राहिलंय किंवा लिहिलंच गेलेलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिला दोष फोटोचा, दुसरा वहीचा. फोटोचा दोष एका फोनवर दुरुस्त होतो.

समजा तीन संच आहेत. पहिला देखणा: रंगीत मथळे, पट्टीने आखलेल्या आकृत्या. पण सहापैकी चारच किरणाकृती, आणि गणितात गडबड. दुसऱ्याची अवस्था तशीच, फक्त अक्षर साधं. तिसऱ्यात सहाही आकृत्या आहेत, पण पेन्सिल फिकी आणि दोन पानांवर फोनची सावली.

गणित असं: नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू बहिर्वक्र भिंगापासून ३० सेंमीवर. चिन्हसंकेताने u उणे ३० होतो. सूत्र आहे:

1/v − 1/u = 1/f

त्यावरून 1/v म्हणजे 1/10 − 1/30, म्हणजेच 2/30. प्रतिमा १५ सेंमीवर. पहिल्या दोन्ही संचांत उत्तर आहे ७.५, कारण u धन घेतलाय. हे चुकीचं आहे हे गणित न सोडवताही कळतं. वस्तू 2F₁ च्या, म्हणजे २० सेंमीच्या, पलीकडे असली की प्रतिमा F₂ आणि 2F₂ च्या मध्ये, १० ते २० सेंमीतच पडते. आणि दोन संचांत तेच उत्तर आहे म्हणून बहुमत मोजू नका. दोघांत एकाच जागी एकच शब्द चुकीचा लिहिलेला दिसला, तर एकाने दुसऱ्याचं उतरवलंय, साक्षीदार एकच.

उणे चिन्हाची आणखी एक गंमत सांगतो. ते वहीच्या छापील ओळीवर पडलं की फोटोत ओळीतच मिसळून जातं. त्यात फोटो पाठवताना ॲप त्याचा आकार कमी करतं, मग फिकी पेन्सिल उरतच नाही. अशा वेळी पुढची पायरी पाहा. तिथे आकडा वजाबाकीने बरोबर उतरला असेल, तर चिन्ह वहीत आहे, फक्त फोटोत नाही.

म्हणून इथे निवड तिसऱ्याची. पहिल्याचा देखणेपणा मोहात पाडेल, पण त्यात नसलेल्या दोन आकृत्या कितीही चांगला फोटो काढून येणार नाहीत. तिसऱ्याची दोन पानं मात्र परत मागवता येतात. ‘नीट पाठव’ एवढंच सांगू नका, कोणती पानं ते सांगा. सकाळी पडवीत, उजेड बाजूने येईल असं बसायचं, फ्लॅश बंद. वही सपाट, फोन तिच्या बरोबर वर, आणि एका फोटोत एकच पान, कारण दोन्ही पानं घेतली की शिवणीजवळची अक्षरं वाकतात. समासासकट चारही कडा दिसल्या पाहिजेत. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबला जात नाही.

पानं आली की आधी गणिताचं पान मोठं करून उणे चिन्ह शोधा. ते दिसलं, की तिसरा संच ठेवा आणि बाकीचे दोन फोनमधून काढून टाका, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री ७.५ पुन्हा समोर येईल.