तिसऱ्या भेटीची वही: पदवीनंतर दवाखाना, संशोधन, वेलनेस की दुसरी नोकरी?

नमस्कार. इंटर्नशिप संपत आलेले होमिओपॅथीच्या बीएचएमएसचे आणि आयुर्वेदाच्या बीएएमएसचे विद्यार्थी नागपुरात मानेवाड्याला असलेल्या माझ्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात येऊन बसतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "मॅडम, दवाखाना टाकू की नोकरी धरू?" या प्रश्नाचे उत्तर मी आवडीनिवडीवरून देत नाही. मी त्यांना ही वही दाखवते.

(वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही माझ्या पहिल्या वर्षाची वही आहे. तारीख, नाव, तक्रार आणि फी हे रकाने सगळ्यांच्याच वहीत असतात. त्यांच्या पुढे "कितवी भेट" असा एक रकाना आहे आणि शेवटी "का आले नाहीत" असा एक. शेवटचा रकाना पहिले सहा महिने कोरा आहे, आणि माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. रोज नवीन रुग्ण येत होते, त्यामुळे प्रॅक्टिस बसते आहे असा माझा समज झाला. त्यातले तिसऱ्यांदा किती आले, हे मी मोजलेच नव्हते.

होमिओपॅथीच्या दवाखान्याचे अर्थकारण तिसऱ्या भेटीवर उभे असते. याचा हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या वस्तीतले घाला. गाळ्याचे भाडे ८,००० रुपये, मदतनीस मुलीचा पगार ६,००० रुपये, औषधे, बाटल्या व पुड्यांचे ४,५०० रुपये आणि वीज-फोनचे १,५०० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च २०,००० रुपये होतो. पंधरा दिवसांच्या औषधासह फी २५० रुपये असेल, तर नुसता खर्च भरून निघायला महिन्याला ८० भेटी लागतात. घरी २५,००० रुपये न्यायचे असतील, तर १८० भेटी लागतात, म्हणजे महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे सात.

आता या १८० भेटी येतात कुठून ते पाहा. दहा नवीन रुग्णांपैकी तीनच टिकले, आणि टिकलेला रुग्ण महिन्याला दोनदा असा चार महिने आला, तर त्या तिघांच्या २४ भेटी होतात. उरलेले सात जण एक-दोनदा येऊन थांबतात, त्यांच्या साधारण ११ धरू. दहा रुग्णांमागे ३५ भेटी झाल्या, म्हणून १८० भेटींसाठी दर महिन्याला ५१ ते ५२ नवीन रुग्ण हवेत. हेच दहापैकी सहा टिकले, तर दहांमागे ५४ भेटी होतात आणि ३३ ते ३४ नवीन रुग्ण पुरतात. एका नव्या रुग्णाच्या केस टेकिंगला, म्हणजे सविस्तर विचारपूस करून नोंदी घ्यायला, तास जातो, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात आणि अर्धी वस्ती गावाला जाते. त्या महिन्याचे भाडे मात्र द्यावेच लागते.

सातव्या महिन्यात मी न आलेल्या रुग्णांना फोन करायला घेतले. औषधाचा गुण आला नाही असे सांगणारे माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाले. एका बाईंनी सांगितले, "ताई, पहिल्या आठवड्यात खाज वाढली, आणि तुम्ही तसं काही बोलल्या नव्हत्या." दुसऱ्यांना उपचार किती दिवस चालेल हेच माहीत नव्हते. त्यानंतर मी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लिहून देऊ लागले: काय बदल अपेक्षित आहे, तो किती दिवसांत पाहायचा, आणि काय झाले तर माझी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे.

म्हणून माझे सांगणे असे आहे की स्वतःचा गाळा घेण्यापूर्वी एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे सहा महिने बसा आणि आपण पाहिलेल्या रुग्णांची अशी वही ठेवा. दहापैकी टिकणाऱ्यांचा आकडा तीनच्या आसपासच अडकला आणि फोन केल्यावरही सुधारला नाही, तर गाळ्याचे डिपॉझिट भरू नका.

या काळात पोटापाण्यासाठी बहुतेक जण धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयात रात्रपाळीचे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होतात. तिथे आपत्कालीन रुग्ण पाहायला मिळतो, हा अनुभव मोलाचा आहे. धोका असा की रात्री वरिष्ठांच्या सूचनेने दिलेली इंजेक्शने सकाळी आपल्या दवाखान्यात आपल्या जबाबदारीवर लिहिण्याची सवय लागते. पूनम वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने अ‍ॅलोपॅथीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरतो. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. महाराष्ट्रात होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याआधारे मिळणाऱ्या नोंदणीचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्यामुळे केवळ त्या भरवशावर दवाखान्याचे गणित मांडू नये. बीएएमएस झालेल्यांसाठी राज्याचे नियम वेगळे आहेत. ते त्यांनी आपल्या परिषदेकडून लेखी समजून घ्यावेत.

बीएएमएसच्या मुलांना हल्ली वेलनेसचे आकर्षण आहे, आणि पेंच-ताडोबाच्या वाटेवर रिसॉर्ट असल्यामुळे ते नागपुरात स्वाभाविकही आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी एक हिशेब करा. विधिवत विरेचनासाठी, म्हणजे जुलाब घडवून केलेल्या शुद्धीसाठी, आधी दीपन-पाचन, मग तीन ते सात दिवस औषधी तुपाचे स्नेहपान, नंतर सुमारे तीन दिवस अभ्यंग-स्वेदन, मग विरेचन आणि त्यापुढे आहार हळूहळू पूर्ववत करणारा संसर्जन क्रम, असे दोन आठवडे सहज जातात. पाहुणा मात्र दोन रात्री राहतो. म्हणजे तिथे शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, होणार नाही. अभ्यंग, स्वेदन आणि शिरोधारा एवढेच होईल. हे काम कमी प्रतीचे नाही, पण तिथे वैद्याची खरी जबाबदारी नकार देण्याची आहे. ताप असलेल्याला, रक्तदाब फार वाढलेल्याला, किंवा एकाच पोटरीला सूज आणि वेदना असलेल्याला टेबलावर घ्यायचे नाही. शेवटच्या रुग्णात शिरेत गुठळी असू शकते आणि मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मुलाखतीत एवढेच विचारा की वैद्याने नाही म्हटले तर व्यवस्थापक ते मान्य करतो का. उत्तर गुळमुळीत मिळाले, तर ती जागा सोडा.

संशोधनाबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण पदवीवर तिथली दारे अरुंद आहेत. आयुर्वेदाच्या केंद्रीय संशोधन परिषदेची संस्था नागपुरात आहे, पण अशा ठिकाणी संशोधन अधिकारी व्हायला एमडी किंवा एमएस लागते. आयुर्वेदाची स्पार्क आणि होमिओपॅथीची एसटीएसएच या विद्यार्थिवृत्त्या पदवीचे शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून हा व्हिडिओ पाहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी आताच चौकशी करावी. पदवीधरासाठी जवळची वाट क्लिनिकल ट्रायलमधल्या समन्वयकाची आहे. त्यात रुग्णाला त्याच्या भाषेत संमतिपत्र समजावणे, प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी करणे आणि गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवली जाईल हे पाहणे, अशी कामे असतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या वहीत दहापैकी तीनच रुग्ण टिकत होते, पण तिचा "का आले नाहीत" हा रकाना एकाही ओळीत कोरा नव्हता. प्रत्येकापुढे फोनची तारीख आणि रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिलेले होते. मी तिला गाळ्याचा विचार थांबवून समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज करायला सांगितले, आणि मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्यायला सांगितली, अर्थात रुग्णांची नावे झाकून.